विषय: १४ जूनच्या सायकल काउंटमधला स्टॉक फरक, तपास करून २० जूनपर्यंत लेखी उत्तर द्यावे (भिवंडी गोदाम)

नमस्कार सावंत साहेब,

शनिवारी १४ जून २०२५ रोजी संध्याकाळची शेवटची गाडी सुटल्यावर तुमच्या आणि आमच्या माणसांनी मिळून बी रॅकची मोजणी केली. काउंट शीटवर दोघांच्या सह्या आहेत, प्रत सोबत जोडली आहे. तीन आयटममध्ये फरक निघाला:

३ लिटर कुकर: सिस्टिममध्ये ४१२, प्रत्यक्षात ३८८, म्हणजे २४ कमी
५ लिटर कुकर: सिस्टिममध्ये २६५, प्रत्यक्षात २८३, म्हणजे १८ जास्त
नॉनस्टिक तवा: सिस्टिममध्ये ६४०, प्रत्यक्षात ६२८, म्हणजे १२ कमी

कुकरचा एक कार्टन सहा नगांचा. त्यामुळे पाच लिटरच्या जागी तीन लिटरचे तीन कार्टन गेले असावेत, असा माझा अंदाज आहे. दोन्ही खोकी एकाच रंगाची आणि बी-०७ मध्ये बऱ्याच खोक्यांचे स्टिकर भिंतीकडे तोंड करून लावलेले होते, तेव्हा पिकिंगला गफलत होणं सोपंच. तरीही तीन लिटरच्या आणखी एका कार्टनचा हिशोब लागत नाही.

तव्याचं प्रकरण वेगळं वाटतं. बारा-बारा नगांच्या दोन कार्टनमध्ये सहा-सहाच तवे निघाले. आमची पट्टी छापील असते. या दोन खोक्यांवर तिच्यावरून साधी तपकिरी पट्टी मारली होती. फोटो जोडले आहेत. कोणावर संशय घेत नाही, पण खोकी कुठे आणि कशासाठी उघडली गेली ते कळायला हवं.

१७ मेच्या मोजणीत हे तिन्ही आयटम बरोबर जुळले होते, म्हणून तपास तिथपासून पुढचाच करावा. या काळातले जीआरएन, पिक लिस्ट, गेट पास, एलआरच्या प्रती आणि रिटर्नच्या नोंदी पाठवा. एलआरवरचं वजन नीट तपासा, कुकरची अदलाबदल तिथे लगेच दिसेल. सीसीटीव्हीचं जुनं फुटेज पुसलं जाण्याआधी आजच वेगळं काढून ठेवा, हे सगळ्यात तातडीचं. ज्या डीलरना पाच लिटरचा माल गेला, त्यांना मी इकडून विचारते.

गुरुवारी १९ जूनला सकाळी फेरमोजणी करू. माणसं वेगळी असावीत आणि त्यांच्या हातातल्या शीटवर सिस्टिमचा आकडा नसावा. तोवर त्या बिनमधला माल हलवू नका. तातडीची ऑर्डर आलीच तर आधी मला फोन करा.

आमच्या लेखी मंजुरीशिवाय सिस्टिममध्ये अ‍ॅडजस्टमेंट एंट्री टाकू नये. जास्तीचे १८ वजा करून 'एकूण १८च कमी' असा हिशोबही मान्य होणार नाही. प्रत्येक आयटमचा खुलासा स्वतंत्र हवा. न सापडलेल्या मालाची भरपाई कराराप्रमाणे ठरेल, तो विषय अहवाल आल्यावर घेऊ.

शुक्रवार, २० जून, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तराची वाट पाहते.

आपली,
मनीषा
इन्व्हेंटरी कंट्रोल, ठाणे कार्यालय

सोबत: काउंट शीट, फोटो, १७ मेच्या मोजणीची प्रत