आमच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर बदलत आहे

सर्व ग्राहकांना सप्रेम नमस्कार,

सोमवार, १ डिसेंबर २०२५ पासून ‘क्षण घड्याळ दुरुस्ती’ नव्या जागेत सुरू होत आहे. जुन्या दुकानातलं काम शनिवार, २२ नोव्हेंबरला संध्याकाळी थांबेल. मधले आठ दिवस, म्हणजे २३ ते ३० नोव्हेंबर, दोन्ही जागा बंद असतील. नवा फोन मात्र त्या दिवसांतही सुरू राहील.

नवा पत्ता : गाळा क्रमांक ६, तळमजला, नवरंग इमारत, वाचनालय गल्ली.
नवा फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप : ५५५०१ ०७४१८

जुन्या नंबराचे शेवटचे तीन आकडे पाठ असलेले बरेच ग्राहक आहेत, म्हणून नवा नंबरही ४१८ नेच संपणारा मागून घेतला. वाचून पुढे जाण्याआधी हा नंबर फोनमध्ये दुकानाच्या नावानं साठवून ठेवा. ज्यांच्या घरी फोनशेजारी वही असते त्यांनी वहीतही लिहावा आणि जुना नंबर खोडून टाकावा.

जागा बदलण्याचं कारण साधं आहे. जुन्या गाळ्याचा भाडेकरार संपतो आहे आणि जागामालकांना तो घरच्या वापरासाठी हवा आहे. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला घरच्यासारखं सांभाळलं, तेव्हा जागा वेळेत मोकळी करून देणं आमच्याकडे लागतं. लँडलाइनचं कनेक्शन पहिल्यापासून त्यांच्याच नावावर होतं, म्हणून तो नंबरही तिथेच राहणार. ३१ डिसेंबरपर्यंत त्यावर आलेले फोन आमच्या नव्या नंबरावर वळवले जातील. १ जानेवारीपासून तो फोन त्यांच्या घरात वाजेल. घड्याळाच्या चौकशीसाठी कृपया त्यांना त्रास देऊ नका.

जुन्या दुकानापासून नवी जागा चालत सात-आठ मिनिटांवर आहे. जुन्या दुकानाच्या दारातून उजवीकडे वळा, शाळेच्या कोपऱ्यापर्यंत सरळ या आणि तिथून डावीकडे वळलात की वाचनालयाची गल्ली लागते. वाचनालयाच्या समोरच्या अंगाला नवरंग इमारत आहे. आमचा गाळा रस्त्यावरून दिसत नाही, तो इमारतीच्या आतल्या बाजूला आहे. फाटकातून आत आल्यावर डावीकडचा तिसरा. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जुन्या दुकानाच्या पायऱ्या चढणं ज्यांना जड जायचं, त्यांना इथे एकही पायरी चढावी लागणार नाही. व्हीलचेअर थेट आत येते. आणि बसायला बाकही आहे, जुन्या दुकानात ती सोय करता आली नाही याची आम्हाला कायम रुखरुख होती.

आता ज्यांची घड्याळं आमच्याकडे दुरुस्तीला आहेत त्यांच्यासाठी.

तुमचं घड्याळ सुरक्षित आहे. मनगटी घड्याळं पावती क्रमांकानुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवून आम्ही स्वतः हातानं नेणार आहोत, टेम्पोतून नाही. लंबकाच्या घड्याळांना जरा जास्त वेळ लागेल. अशी घड्याळं हलवताना लंबक आधी उतरवून ठेवावा लागतो. तो तसाच लटकत राहिला तर वरची बारीक पट्टी मुरगळते किंवा तुटते. नव्या भिंतीवर टांगल्यावर घड्याळ सरळ आहे का, टिकटिक दोन्ही बाजूंनी सारखी पडते का हे पाहून ते पुन्हा लावावं लागतं. मग काही दिवस नुसतं चालू ठेवून पुढे-मागे जातं का ते बघायचं. म्हणून भिंतीवरची घड्याळं ८ डिसेंबरनंतरच परत देऊ. कुणाला घरच्या कार्यासाठी त्याआधी हवं असेल तर २२ नोव्हेंबरच्या आत जुन्या दुकानातून न्या. राहिलेलं काम नंतर करून देऊ.

जुन्या पत्त्याची पावती तशीच चालेल, बदलून घ्यायची गरज नाही. दुरुस्तीवर दिलेली हमीसुद्धा ठरलेल्या मुदतीपर्यंत कायम आहे. पावती हरवली असेल तरी या, आमच्या वहीत नोंद असते.

पैसे देण्याचा क्यूआर कोड बदललेला नाही. तोच कोड नव्या गल्ल्यावर असेल आणि स्कॅन केल्यावर दुकानाचंच नाव दिसेल. ‘आमचं खातं बदललं, इथे पैसे पाठवा’ असा निरोप आम्ही कुणालाही पाठवणार नाही. असा निरोप आला, मग तो आमच्या नावानं का असेना, तर पैसे पाठवू नका. वरच्या नंबरावर फोन करून आधी विचारा. पत्ता बदलण्याच्या दिवसांत अशी फसवणूक करणाऱ्यांना संधी मिळते, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. ज्यांचे नंबर आमच्याकडे आहेत त्या सगळ्यांना आम्ही फोन करतो आहोत. पण जुन्या वह्यांमध्ये कित्येक नोंदी नुसत्या नावाच्या आहेत. कुठे फक्त आडनाव, कुठे ‘पोस्टातले काका’, कुठे ‘शिक्षक बाई, तांबडा पट्टा’. त्या वेळी तेवढं पुरायचं, माणूस आठवड्यानं दारात यायचाच. यातली काही घड्याळं दुरुस्त होऊन कधीची तयार आहेत आणि अजून कपाटात आहेत. एका खिशातल्या घड्याळाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आहे, ‘आजोबांचं आहे, साखळी बदलू नये’. साखळी बदललेली नाही. घड्याळ साफ करून, तेल देऊन आम्ही अधूनमधून चावी देतो आणि ते चालतं. ज्यांनी ती चिठ्ठी लिहिली ते जुन्या दाराशी येऊन कुलूप पाहून परत गेले तर आमच्या मनाला फार लागेल.

अशी सगळी घड्याळं आम्ही नव्या जागेत नेतो आहोत. एकही मोडीत काढणार नाही, विकणार नाही. त्यांचं पूर्ण वर्णन इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण वस्तू खऱ्या मालकाच्याच हाती जायला हवी. तुमचं किंवा तुमच्या घरातल्या कुणाचं घड्याळ आमच्याकडे राहिलं आहे असं वाटत असेल तर फोन करा आणि घड्याळाच्या दोन खुणा सांगा. घड्याळ देणारी व्यक्ती आज हयात नसेल तर घरच्यांनी यावं.

एक विनंती. आमचे बरेच जुने ग्राहक मोबाइलवर काही वाचत नाहीत. तुमच्या शेजारी, नात्यात किंवा सकाळी फिरायला येणाऱ्यांत असं कुणी असेल तर त्यांना हा पत्ता तोंडी सांगा, जमलं तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. जुन्या दुकानाच्या शटरवर नव्या पत्त्याची पाटी लावायला जागामालकांनी जानेवारी अखेरपर्यंत परवानगी दिली आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांकडे आमची नवी कार्डं ठेवली आहेत, तेही वाट सांगतील.

कामं तीच आहेत : सेल, पट्टा, काच, चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांची सर्व्हिसिंग, भिंतीवरची व लंबकाची घड्याळं. घड्याळ उघडणारे हातही तेच आहेत.

वेळ : सकाळी १० ते दुपारी १:३०, संध्याकाळी ४:३० ते ८:३०. गुरुवारी बंद.
घरून न निघू शकणाऱ्या ज्येष्ठांचं भिंतीवरचं घड्याळ आम्ही येऊन नेऊ; आदल्या दिवशी ५५५०१ ०७४१८ वर फोन करा.

आपले,
क्षण घड्याळ दुरुस्ती
गाळा क्रमांक ६, नवरंग इमारत, वाचनालय गल्ली