शीतगृहातील तापमानवाढ, १८–१९ मे २०२४ च्या रात्रीचा घटनाक्रम (सुधारित)

ठिकाण: वाडी, नागपूर येथील औषध गोदाम, शीतगृह क्र. १ (मर्यादा २ ते ८ अंश से.)
तयार करणार: गुणवत्ता विभाग. प्रत: संचालक, गोदाम व्यवस्थापक, संबंधित औषध उत्पादक

रविवारी सकाळी फोनवर जो तोंडी वृत्तांत फिरला, तो बाजूला ठेवावा. "अलार्म वाजला, मग पहारेकरी जनरेटरकडे गेला आणि काहीच न करता परत आला" असं त्यात होतं. घड्याळं जुळवल्यावर हा क्रम उलटा निघाला, म्हणून आधी घड्याळांबद्दल.

वेळा कुठून घेतल्या

तापमान लॉगर मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो आणि दर ५ मिनिटांनी नोंद करतो. फोनचे कॉल आणि एसएमएसही नेटवर्कच्याच वेळेचे आहेत. ही दोन घड्याळं आपण प्रमाण मानली.

सीसीटीव्हीचं घड्याळ पुढे आहे. १९ मे रोजी ११:३० ला फोनचा पडदा कॅमेरा ३ समोर धरला, तेव्हा डीव्हीआरवर ११:४७:२० दिसत होतं. म्हणजे १७ मिनिटं २० सेकंद पुढे. डीव्हीआर यूपीएसवर आहे, त्या रात्री बंद पडलेला नाही, त्यामुळे सगळ्या नोंदींना हीच वजावट लावली. खाली डीव्हीआरची मूळ वेळ कंसात आहे, कुणालाही पडताळता यावी म्हणून.

पहारेकऱ्याच्या रजिस्टरमधल्या वेळा "१ वाजता", "पावणेतीनला" अशा आहेत. त्या खोट्या नाहीत, पण मिनिटाच्या हिशेबाला चालत नाहीत. जिथे फक्त रजिस्टर किंवा जबाब हाच आधार आहे, तिथे "सुमारे" लिहिलं आहे.

घटनाक्रम (सर्व वेळा १९ मे, २४ तासांच्या घड्याळाने)

सुमारे ०१:०० – फेरीची नोंद. शीतगृहाच्या दारावरचं तापमान ४.६. लॉगरची ०१:०० ची नोंदही ४.६.

०१:१२:२८ (०१:२९:४८) – अंगणातली ट्यूब विझते. ही ट्यूब आर फेजवर आहे. ऑफिसचे दिवे आणि शीतगृहाचं पॅनल बी फेजवर असल्याने सुरूच राहतात.

०१:१२:३३ (०१:२९:५३) – बाहेरच्या कंडेन्सरचा पंखा थांबतो. एक फेज गेल्यावर सिंगल फेज प्रिव्हेंटरने कॉम्प्रेसर तोडला, म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं. मोटर जळाली नाही ती त्यामुळेच.

जनरेटर मात्र सुरू झाला नाही. कारण ०४:५२ च्या नोंदीत आहे.

०१:१५ ते ०२:३० – तापमान सावकाश चढतं: ०१:२० ला ४.७, ०२:०० ला ६.३, ०२:३० ला ७.९.

०२:३० ते ०२:३५ दरम्यान – ८ अंशांची मर्यादा ओलांडली. ०२:३५ ची नोंद ८.२ आहे. नेमका क्षण लॉगरला माहीत नाही, आणि आपणही "०२:३१" वगैरे लिहू नये.

०२:४०:५० (०२:५८:१०) – पहारेकरी टॉर्च घेऊन जनरेटर खोलीत जातो. ०२:४५:४० (०३:०३:००) ला बाहेर येतो. अंगणातला दिवा बंद दिसला म्हणून गेलो, असा त्याचा जबाब आहे. पॅनल "ऑटो"वर होतं, किल्ली ऑफिसच्या कुलुपात होती आणि पहारेकऱ्यांनी पॅनलला हात लावू नये अशी लेखी सूचना भिंतीवर चिकटवलेली आहे. आपलीच सूचना.

०२:४७ आणि ०२:४९ – पहारेकऱ्याचे इलेक्ट्रिशियनला दोन कॉल. उचलले नाहीत.

०२:५० – लॉगरचा पहिला अलार्म एसएमएस दोन क्रमांकांवर. मर्यादेबाहेरची पहिली नोंद झाल्यावर १५ मिनिटं थांबायचं असं सेटिंग आहे, म्हणून ०२:३५ नंतर ०२:५०. व्यवस्थापकाच्या फोनवर तो ०२:५१ ला पोचला. दुसरा क्रमांक फेब्रुवारीत नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा आहे.

डीव्हीआरची कच्ची वेळ धरली तर पहारेकरी एसएमएसनंतर ८ मिनिटांनी हलला असं दिसतं. प्रत्यक्षात तो ९ मिनिटं आधीच जनरेटरपाशी होता.

०२:५३ – पहारेकऱ्याचा व्यवस्थापकाला कॉल. मिस्ड.

०३:२४ – व्यवस्थापक उलट कॉल करतात. संभाषण ३ मिनिटं. या वेळी शीतगृह ९.७ (०३:२५ ची नोंद).

०३:३१ – व्यवस्थापकाचा इलेक्ट्रिशियनला कॉल, उचलला.

०३:३६ – वीज कंपनीच्या हेल्पलाइनला कॉल. तक्रार नोंदवल्याचा एसएमएस ०३:४१.

सुमारे ०३:४० – व्यवस्थापक मानेवाड्याहून निघाले (जबाब).

०४:०९:१५ (०४:२६:३५) – त्यांची गाडी गेटमधून आत.

०४:१८:२० (०४:३५:४०) – जनरेटर "मॅन्युअल"वर सुरू, अंगणातली ट्यूब लागते. गेटपासून इथपर्यंत ९ मिनिटं गेली. ऑफिस उघडणं, किल्ली शोधणं, मग प्रिव्हेंटर हाताने रीसेट करणं. किल्ली ड्रॉवरमध्ये होती, खुंटीवर नव्हती.

०४:२१:२५ (०४:३८:४५) – कंडेन्सरचा पंखा फिरू लागतो. मधली ३ मिनिटं कॉम्प्रेसरच्या डिले टायमरची, यात कुणाची दिरंगाई नाही.

०४:२० आणि ०४:२५ – हवेतल्या प्रोबवर कमाल तापमान ११.४. ग्लिसरीनच्या बाटलीतल्या दुसऱ्या प्रोबची कमाल ९.६, तीही ०४:४५ ला, कारण द्रव हवेमागून तापतो आणि हवेमागूनच निवतो. उत्पादकांना दोन्ही आलेख पाठवले आहेत.

०४:५२:०५ (०५:०९:२५) – इलेक्ट्रिशियन पोचले. त्यांची तपासणी: मीटरच्या येणाऱ्या बाजूला आर फेजवर शून्य व्होल्ट, वाय आणि बी ठीक. जनरेटरच्या एएमएफ पॅनलला सेन्सिंगची वायर फक्त बी फेजवरून दिलेली. बी जिवंत असल्यामुळे पॅनलच्या लेखी वीज गेलीच नव्हती. पूर्ण वीज गेल्यावर जनरेटर दर वेळी नीट सुरू होत आला, त्यामुळे हा दोष आजवर कुणाच्या नजरेत आला नाही.

०५:३५ ते ०५:४० दरम्यान – तापमान ८ च्या आत (नोंदी ८.१ आणि ७.९).

०६:३१ – लाइनमन पोचल्याचा व्यवस्थापकाला कॉल. खांबावरचा आर फेजचा जम्पर जळालेला.

०६:५२:४० (०७:१०:००) – आर फेज परत, जनरेटर बंद. तास-मीटर शनिवारी संध्याकाळी ४१२.३ होता, आता ४१४.९. फरक २.६ तास. ०४:१८ ते ०६:५२ म्हणजे २ तास ३४ मिनिटं, तेव्हा या काळात सीसीटीव्हीचं घड्याळ नीट चालत होतं याला हा वेगळा पुरावा मिळाला. वजावटीला मात्र नाही, कारण दोन्ही वेळांतून तीच वजावट गेली आहे.

०७:४० – फार्मासिस्ट आले. इन्सुलिन, लसी आणि डोळ्यांचे थेंब यांच्या सर्व पेट्यांवर "विक्री स्थगित" चिकटवलं, बिलिंगमध्ये बॅच लॉक केल्या.

मर्यादेबाहेरचा कालावधी

कमीत कमी ३ तास (०२:३५ ते ०५:३५), जास्तीत जास्त ३ तास १० मिनिटं (०२:३० ते ०५:४०). उत्पादकांना ३ तास १० मिनिटं कळवलं आहे. माल ठेवायचा की परत करायचा हे ते याच आकड्यावर ठरवतील, म्हणून आपल्या सोयीचा आकडा दिलेला नाही.

अजून लागलेलं नाही

पहारेकऱ्याचे दोन्ही कॉल इलेक्ट्रिशियनच्या फोनवर दिसत नाहीत. रात्री फोन चार्जिंगला लावून बंद होता असं ते सांगतात, पण तसं असेल तर ०३:३१ ला कॉल कसा लागला? त्यांच्याकडून कॉल नोंदीचा स्क्रीनशॉट मागवला आहे. तो आला की ०२:४७ ची ओळ पक्की करू.

अलार्मचा दुसरा क्रमांक २० मे रोजी १०:१५ ला बदलला. चाचणी एसएमएस १०:१७ ला फार्मासिस्टच्या फोनवर आला.