गूळ पावडर प्रकल्प: एनपीव्ही आणि विक्रीची संवेदनशीलता

सर्व भागीदारांसाठी टिपण, शनिवारच्या बैठकीपूर्वी

कोल्हापूरच्या युनिटमध्ये गूळ पावडरचे मशिन बसवायला ४० लाख रुपये लागतील. आयुष्य ५ वर्षे, भंगार किंमत शून्य धरली आहे. वितरकाला दर किलोला ८० रुपये (जीएसटी सोडून), बदलता खर्च ५६ रुपये, म्हणजे किलोमागे २४ रुपये सुटतात. त्यातून वर्षाला ६ लाख स्थिर रोख खर्च जाईल. भांडवलाचा खर्च १२ टक्के. ५ वर्षांचा वार्षिकी घटक ३.६०५. आयकर यात धरलेला नाही.

| वार्षिक विक्री (किलो) | शक्यता | वार्षिक रोख (लाख रु.) | एनपीव्ही (लाख रु.) |
|---|---|---|---|
| ५०,००० | ०.३ | ६.० | −१८.३७ |
| ८०,००० | ०.५ | १३.२ | +७.५९ |
| १,००,००० | ०.२ | १८.० | +२४.८९ |

अपेक्षित एनपीव्ही = (०.३ × −१८.३७) + (०.५ × ७.५९) + (०.२ × २४.८९) = +३.२६ लाख.

आकडा धन आहे, तरी एवढ्यावर मशिनची ऑर्डर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ३.२६ लाख ही सरासरी आहे. प्रत्यक्षात वरच्या तीन ओळींपैकीच एखादी पदरात पडणार, आणि पहिल्या ओळीत जवळजवळ निम्मे भांडवल बुडते.

अपेक्षित विक्री ७५,००० किलो येते. एनपीव्ही शून्यावर येण्यासाठी वर्षाला ४० ÷ ३.६०५ = ११.१० लाख रोख लागते. त्यात ६ लाख मिळवून २४ ने भागले, की सुमारे ७१,२३० किलो. म्हणजे विक्री फक्त ५ टक्के घटली की सगळा फायदा पुसला जातो. पावसाळ्यात पावडर ओल धरते, गोळे होतात आणि दुकानदार पाकिटे परत करतात. तेवढ्यानेही ५ टक्के सहज जातील. दर त्याहून नाजूक आहे. ७५,००० किलोवर किलोमागे १ रुपया २१ पैसे, म्हणजे दीड टक्का जरी सोडला तरी एनपीव्ही शून्य. वितरक पहिल्याच भेटीत यापेक्षा जास्त सूट मागतात.

म्हणून माझी सूचना: येत्या हंगामात पावडर बाहेरून जॉबवर्कवर करून घ्यावी आणि आपल्याच पाकिटात विकून पाहावी. खर्च अंदाजे दीड लाख. चाचणीने मंद विक्री अचूक ओळखली, तर त्या परिस्थितीत मशिन घ्यायचेच नाही. उरलेल्या दोन ओळींचे मिळून ८.७७ लाख होतात. एक वर्ष उशीर धरून त्याचे आजचे मूल्य ७.८३ लाख, चाचणीचा खर्च वजा जाता ६.३३ लाख. चाचणी इतकी अचूक निघणार नाही, पण ३.२६ च्या वर राहायला बरीच जागा आहे.

शक्यतांचे आकडे विक्री विभागाच्या अंदाजावरून घेतले आहेत. मंद विक्रीची शक्यता ०.३ ऐवजी ०.४ आणि मधली ०.४ धरली, तर अपेक्षित एनपीव्ही ०.६६ लाखावर उतरतो. शनिवारी चर्चा आधी या ०.३ वर व्हावी.