गोव्यातील जनमत कौलावरील स्वाध्यायाच्या सूचनेबाबत

आदरणीय सर,

सादर नमस्कार. ‘जनमत कौलापूर्वीच्या व नंतरच्या दोन मराठी दैनिकांतील अग्रलेखांची तुलना करून 2000 शब्दांत निबंध लिहा’ या आपण दिलेल्या सूचनेबद्दल एक शंका विचारण्यासाठी हा संदेश लिहीत आहे. मी ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ ही दैनिके निवडली आहेत.

या सूचनेचे दोन अर्थ निघू शकतात. तुलना दोन दैनिकांची एकमेकांशी करायची, असे मानले तर एकाच घटनेवर महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने ‘गोमन्तक’ने आणि संघप्रदेशाच्या बाजूने ‘राष्ट्रमत’ने काय लिहिले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागेल; म्हणजे शक्यतो एकाच आठवड्यातील अग्रलेखांच्या जोड्या लावाव्या लागतील. तुलना कौलापूर्वीच्या आणि नंतरच्या लेखनाची करायची असेल, तर मात्र प्रत्येक दैनिक स्वतंत्रपणे घेऊन 16 जानेवारी 1967 च्या मतदानानंतर त्याची भूमिका आणि भाषा कशी बदलली, विलीनीकरणाचे चिन्ह ‘फूल’ हरल्यावर आणि संघप्रदेशाचे चिन्ह ‘दोन पाने’ जिंकल्यावर कोणते मुद्दे मागे पडले व कोणते नव्याने पुढे आले, याचा शोध घ्यावा लागेल. दोन्ही तुलना 2000 शब्दांत नीट बसवणे मला कठीण वाटते, आणि अग्रलेखांची निवडही या दोन अर्थांनुसार पूर्णपणे वेगळी होते.

निकालानंतर विलीनीकरणवाद्यांच्या मांडणीचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण वर्गात आवर्जून मांडला होता. त्यामुळे मला दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. शिवाय संघप्रदेश राहण्याचा कौल मिळाल्यापासून 1987 मध्ये घटक राज्य होईपर्यंतच्या वाटचालीची सुरुवात त्या अग्रलेखांत दिसते का, हे तपासण्याची मला मनापासून उत्सुकता आहे. तरीही आपल्याला नेमके काय अपेक्षित आहे, हे जाणून घेतल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

येत्या शनिवारी पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन मी जुन्या अंकांतून टिपणे काढणार आहे. त्याआधी ‘दैनिकांची तुलना’ किंवा ‘काळाची तुलना’ एवढेच कळवलेत तरी पुरेसे होईल. वर्गातील काही जणांनी पहिला, तर काहींनी दुसरा अर्थ धरून काम सुरू केले आहे, म्हणून शक्य झाल्यास आपला खुलासा सर्वांनाच कळवावा, ही विनंती.

आणखी एक लहानसा प्रश्न आहे. ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या काळात फार प्रभावी ठरले होते. पण ते अग्रलेख नसल्यामुळे तुलनेत न घेता केवळ संदर्भापुरते त्याचा उल्लेख केला तर चालेल का?

आपली विद्यार्थिनी,
मेधा
द्वितीय वर्ष, इतिहास, हजेरी क्रमांक 17