वजाबाकी

महाबळेश्वरच्या डोंगरउतारावरील त्या गुहेतून संध्याकाळी किती वटवाघळे बाहेर पडतात, हा प्रश्न आपल्या प्रबंधातला सर्वांत सोपा असेल, असे ऋतुजाला वाटले होते. गुहेचे तोंड एकच होते आणि पश्चिमेला उघडत होते. तिथली फळे खाणारी रुसेट वटवाघळे आकाराने चांगली मोठी असल्याने ती नजरेतून निसटण्याची भीतीही नव्हती. नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी ती गुहेच्या तोंडाखालच्या कातळावर आकाशाकडे तोंड करून बसली आणि माथ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक सावलीमागे हातातल्या काउंटरचे बटण दाबत राहिली. अंधारामुळे दिसेनासे झाले, तेव्हा काउंटरवर २,८७० हा आकडा होता.

परतीच्या वाटेवर वनरक्षक शिंदे यांनी विचारले म्हणून तिने तो सांगितला. दोन दिवसांनी गावातल्या चहाच्या टपरीवर तोच आकडा ‘तीनेक हजार’ होऊन तिच्या कानी आला. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांत निपाह विषाणूच्या प्रतिपिंडांच्या खुणा मिळाल्याचे पुढे जाहीर झाले, तेव्हापासून गावात गुहेचा विषय निघाला की धूर करण्याची भाषा होई. फळे खाणारी वटवाघळे २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यानेही उंदीर आणि कावळ्यांच्या पंक्तीत, उपद्रवी म्हणूनच गणली जात होती. त्यात आता तीन हजारांची भर पडली. “ताई, एवढी असतील तर काहीतरी करायलाच पाहिजे,” असे टपरीवाल्याने तिला तोंडावरच सांगितले.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी मात्र आकड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. “कुठे बसली होतीस?” एवढेच त्यांनी विचारले आणि विभागातल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याचे त्याच संध्याकाळचे चित्रण तिच्या हाती दिले.

ती मोजत होती त्या संध्याकाळी हा कॅमेरा गुहेच्या तोंडाच्या बाजूला, काटकोनात लावलेला होता. ते चित्रण ती खोलीत बसून एकेक चौकट पुढे सरकवत पाहू लागली. सुरुवातीच्या मिनिटातच उजव्या पंखाच्या कडेला करवंदाएवढी खोच पडलेले एक वटवाघूळ बाहेर आले, वळसा घालून कातळाला लागून खालून आत शिरले आणि थोड्याच वेळात पुन्हा बाहेर पडले. तिने चित्रण मागे नेऊन पाहिले. खोच तीच होती आणि पंखही तोच. त्यानंतर तिला सगळीकडे तसेच दिसू लागले. उजेड पुरेसा ओसरला आहे का, हे चाचपण्यासाठी वटवाघळे बाहेर डोकावून परत जात होती आणि पुन्हा निघत होती. बाहेर जाणारी फिकट आकाशावर ठळक दिसत, तर परतणारी काळ्या कातळाच्या पार्श्वभूमीवर पूर्ण हरवून जात. तिने निवडलेल्या जागेवरून केवळ बेरीजच दिसत होती.

अठरा मिनिटांच्या त्या चित्रणाची मोजणी करायला तिला जवळजवळ आठवडा लागला. वेगात नजर फिरवली की चुका होत, म्हणून ती आधी फक्त जाणारी मोजी आणि मग तेवढाच भाग फक्त येणाऱ्यांसाठी पुन्हा पाही. जाणारी ३,०४६ आणि येणारी १,९०४ भरली, म्हणजे खरोखर निघून गेलेली अवघी १,१४२ होती. गर्दीच्या वेळी अंगठा मागे पडल्याने मूळ मोजणीत पावणेदोनशे सावल्या सुटल्या होत्या, हेही त्यातून उघड झाले. निदान ही चूक दुसऱ्या बाजूची होती, एवढेच काय ते समाधान.

पण चित्रण तिथे संपत नव्हते. अंधार झाला म्हणून ती उठून गेली होती, कॅमेरा मात्र चालूच होता, आणि काळोखातही वटवाघळे निघतच होती. पुढच्या तासाभरात ७१२ बाहेर पडली आणि ९६ आत गेली. आधीची १,१४२ आणि ही ६१६ मिळून बेरीज १,७५८ झाली.

शिंदे यांना तिने नवा आकडा सांगितला, तेव्हा ते जरा वैतागलेच. “म्हणजे आधीचा चुकीचा होता?”

“चुकीचाच होता. आणि हाही कमीत कमीचा आहे, काका. त्या रात्री जी बाहेरच पडली नाहीत, ती यात नाहीत.”

“मग गावात सांगू काय?”

“सतराशे अठ्ठावन्नपेक्षा कमी नाहीत, एवढंच सांगा. पण टपरीवर मीच येते, मागचा आकडाही मीच दिला होता.”

शिंद्यांनी मान हलवली आणि पुढच्या खेपेला रात्री नऊपर्यंत थांबायचे असेल तर जीपची सोय आधीच करावी लागेल, असे बजावले. ऋतुजाने वहीत त्या संध्याकाळच्या ओळीत २,८७० वर एक रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी, आणि पुढे लिहिले: ‘फक्त बाहेर जाणारी; अंधार पडताच मोजणी थांबवली.’ मग पुढच्या खेपेच्या सामानाच्या यादीत तिने दुसरा काउंटर वाढवला, डाव्या हातासाठी, आत येणाऱ्यांचा.