म्हापसा ते फोंडा : घर बदलताना इंटरनेटची यादी

बाबा, वहिनी आणि चिन्मय, ही यादी तुमच्यासाठी. सामान शनिवारी, 24 मे रोजी हलणार. मी गुरुवारी रात्री वास्कोहून येईन, तोवर पहिला भाग उरकून घ्या.

कंपनी तीच, प्लॅन तोच, खातंही तेच. तरीही गाफील राहू नका. पर्वरीहून म्हापशाला आलो तेव्हा वायर जोडायला आलेल्या माणसाने राउटर रिसेट केला. आपण काहीच लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून आजीच्या खोलीतला कॅमेरा चार दिवस बंद राहिला. ती दुपारी घरी एकटी असायची. तो घोर पुन्हा नको.

या आठवड्यात

☐ बाबा, कंपनीला फोन करून शिफ्टिंगची तक्रार नव्हे, *विनंती* नोंदवा आणि तिचा नंबर वहीत लिहा. कुर्टीच्या घराजवळच्या खांबावरच्या पेटीत जागा शिल्लक आहे का, हे आधी विचारा. जागा नसेल तर वायर लांबून ओढावी लागेल आणि दिवस वाढतील. शिफ्टिंगचे पैसे किती, तेही विचारा.
☐ नव्या भागात `PPPoE` चं युजरनेम आणि `VLAN ID` तेच राहणार का? तिथलं एक्स्चेंज वेगळं असेल तर बदलू शकतं. आपल्या डब्याचा सीरियल नंबर तिथे नव्याने नोंदवावा लागेल का, हेही याच फोनवर विचारा.
☐ वहिनी, घरमालकाकडून भिंतीला भोक पाडायची परवानगी आताच घ्या. पाऊस तोंडावर आहे, वायर आत येते तिथून पाणी झिरपता कामा नये.

राउटर काढण्याआधी

चिन्मय, लॅपटॉपवर `192.168.1.1` उघड आणि ही पानं एकेक करून वहीत उतर. फोटोही काढ, पण पासवर्ड दिसणारा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस.

☐ वाय-फायचं नाव `Tulas_Ghar` आणि पासवर्ड. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. सुरक्षेचा प्रकारही, आपला `WPA2` आहे.
☐ `PPPoE` चं युजरनेम. पासवर्ड पडद्यावर ठिपक्यांत दिसतो, तो कंपनीकडून मागून घे.
☐ `VLAN ID`.
☐ `DHCP` च्या पानावर प्रिंटरला `192.168.1.50` आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला `192.168.1.60` बांधून दिले आहेत. त्यांचे `MAC` पत्तेही लिही.
☐ `Rx Power` चा आकडा. इथे -19 च्या आसपास असतो. नव्या घरी -27 च्या जवळ गेला, तर माणूस निघून जाण्याआधी जोडणी पुन्हा करून घ्यायची.
☐ डब्याच्या खालच्या स्टिकरचा फोटो.

मागचं बारीक रिसेटचं भोक कुणीही टोचायचं नाही. हिरव्या टोकाची फायबर वायर ओढू नका, तिला घडी घालू नका. ती या घराची, इथेच राहील. टोकावर टोपी तेवढी लावा. राउटर, त्याचा 12 व्होल्टचा अडॅप्टर आणि छोटा यूपीएस एकाच पिशवीत, आणि ती पिशवी ट्रकमध्ये नव्हे, बाबांच्या गाडीत. दुसरा अडॅप्टर चुकून लागला तर राउटर जळू शकतो, म्हणून अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

कुर्टीला पोचल्यावर

राउटर कुठे ठेवायचा हे माणूस येण्याआधी ठरवा. घर जुनं, भिंती चिऱ्यांच्या आणि चांगल्या जाड. वायर आत येते म्हणून राउटर पडवीत टांगला तर मागच्या खोलीत काहीच पोचणार नाही. मधल्या खोलीत, छातीएवढ्या उंचीवर ठेवा. त्यासाठी दहा-बारा मीटर जास्त वायर लागेल, ती आधीच सांगून ठेवा.

☐ लाल `LOS` दिवा विझलेला हवा, `PON` चा हिरवा दिवा स्थिर हवा.
☐ राउटर नवा दिला, तर नाव आणि पासवर्ड जुनाच घालायचा. हे एक जमलं की बहुतेक वस्तू आपोआप जोडल्या जातील.
☐ नव्या राउटरचा पत्ता `192.168.0.1` असेल तर तो बदलून `192.168.1.1` करा, नाहीतर प्रिंटर आणि रेकॉर्डर हरवतील.

जोडायच्या वस्तू, याच क्रमाने

☐ आजीच्या खोलीतला कॅमेरा आणि रेकॉर्डर. बाबा, वायफाय सोडून मोबाइल डेटावर चित्र दिसतं का पाहा, तरच बाहेरून दिसेल.
☐ वहिनींचा ऑफिसचा लॅपटॉप. सोमवारी सकाळी मीटिंग आहे, म्हणून रविवारीच एक व्हिडिओ कॉल करून बघा.
☐ प्रिंटर.
☐ टीव्ही. मधल्या खोलीत असल्याने केबलनेच जोडा.
☐ गिझरचा स्मार्ट प्लग. तो आणि कॅमेरा फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पकडतात. जोडताना अडले तर फोनही त्याच बँडवर आणा.
☐ सगळ्यांचे फोन, टॅब.

शेवटी मेन स्विच पाच मिनिटं बंद करून यूपीएसवर राउटर चालतो का बघा. आणि कंपनीच्या खात्यातला पत्ता कुर्टीचा झाल्याची खात्री करा, बिल जुन्या घरी जाता कामा नये.