सराव पत्रक ७: वेग, वेळ, अंतर
पोलीस भरती, संध्याकाळची बॅच. ५ प्रश्न, १० मिनिटे.

तुमचं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणून लगेच गोल रंगवू नका. चुकून जे उत्तर येतं, तेही मुद्दाम तिथे ठेवलं आहे.

प्र. १. एका उमेदवाराने १६०० मीटर धाव ५ मिनिटे २० सेकंदांत पूर्ण केली. सरासरी वेग ताशी किती किमी?
(१) ५ (२) १६ (३) १८ (४) १८.४६

प्र. २. एसटी १०:५० ला सुटली आणि ६० किमीवरच्या गावी १२:१० ला पोहोचली. सरासरी वेग ताशी किती किमी?
(१) ३७.५ (२) ४५ (३) ४८ (४) ५०

प्र. ३. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा ६.५ किमी लांब धरा. ताशी ७२ किमी वेगाची ५०० मीटर लांबीची गाडी बोगद्यात शिरल्यापासून पूर्ण बाहेर पडायला किती वेळ घेईल?
(१) १ मि. ३७ से. (२) ५ मि. २५ से. (३) ५ मि. ५० से. (४) ५ मि. ८३ से.

प्र. ४. चोर सेकंदाला ५ मीटर वेगाने पळतो आहे. त्याच्या २०० मीटर मागून पोलीस ताशी २१.६ किमी वेगाने धावतो. पकडला जाईपर्यंत चोर किती पळेल?
(१) ६० मी. (२) २१७ मी. (३) १ किमी (४) १.२ किमी

प्र. ५. गस्तीची बोट २० नॉट वेगाने ४५ मिनिटे गेली. अंतर किती किमी? (१ सागरी मैल = १.८५२ किमी)
(१) १५ (२) २४.१४ (३) २७.७८ (४) ९००

उत्तरे (आधी सोडवा, मग बघा)

१ – (३). ५ मि. २० से. म्हणजे ३२० सेकंद. १६०० ÷ ३२० = ५ मी./से., आणि ५ × १८/५ = १८. ज्यांनी ५.२० मिनिटे धरली त्यांना १८.४६ मिळालं. ज्यांनी पर्याय १ रंगवला त्यांचं गणित बरोबर होतं, फक्त प्रश्न अर्धाच वाचला.

२ – (२). दर बॅचला निम्मी पोरं इथेच पडतात. १२.१० मधून १०.५० वजा केले की १.६० येतात आणि वेग ३७.५ निघतो. घड्याळात तास ६० मिनिटांचा असतो, १०० चा नव्हे. खरी वेळ १ तास २० मिनिटे, म्हणजे ४/३ तास. ६० × ३/४ = ४५. वेळ बरोबर काढून पुढे १.२० तास लिहिणाऱ्यांना ५० मिळतात.

३ – (३). अंतर ६५०० + ५०० = ७००० मी., वेग २० मी./से., वेळ ३५० सेकंद. गाडीची लांबी विसरलात तर पर्याय २, ७००० ला थेट ७२ ने भागलंत तर पर्याय १. ३५० ÷ ६० = ५.८३ मिनिटे हे खरं, पण ८३ सेकंद कुठल्या घड्याळात दिसतात?

४ – (३). २१.६ × ५/१८ = ६ मी./से. वेगातला फरक १, म्हणून २०० सेकंद; तेवढ्यात चोर १००० मी. पळतो. २१.६ मधून ५ वजा करणाऱ्याने किलोमीटरमधून मीटर वजा केले. १.२ किमी पोलीस धावला.

५ – (३). नॉट म्हणजे ताशी सागरी मैल. २० × ३/४ = १५ सागरी मैल, १५ × १.८५२ = २७.७८. पर्याय २ रस्त्यावरच्या मैलाने, १.६०९ ने गुणून येतो.